रजेचे शून्य आणि सतरा आठवड्यांची सरासरी: ऐरोलीतल्या एका रोस्टर डेस्कवरचे प्रकरण

पार्श्वभूमी

नवी मुंबईत ऐरोलीच्या एका बॅक ऑफिसात पाच जणांचा एक डेस्क आहे. इंग्लंडमधल्या एका शीतगृह डेपोचे रोस्टर, हजेरी आणि तासांचा हिशोब हा डेस्क सांभाळतो. पगार तिकडेच निघतो. इथून दर सोमवारी प्रत्येक कामगाराच्या तासांचा अहवाल जातो. उन्हाळी वेळेत ऐरोलीत दुपारचे अडीच वाजतात तेव्हा तिकडे सकाळचे दहा वाजलेले असतात, आणि तोपर्यंत अहवाल डेपो मॅनेजरच्या हातात पडावा अशी शिस्त आहे. डेपो आणि कामगार ओळखू येऊ नयेत म्हणून पुढे तारखांऐवजी आठवड्यांचे फक्त क्रमांक दिले आहेत.

अहवालात एक रकाना ‘सरासरी’चा. ब्रिटनच्या वर्किंग टाइम रेग्युलेशन्स, १९९८ प्रमाणे प्रौढ कामगाराचे काम ओव्हरटाइम धरून आठवड्याला सरासरी ४८ तासांच्या वर जाता कामा नये. ‘सरासरी’ हा शब्द इथे महत्त्वाचा. एखाद्या आठवड्यात ५५ तास भरले म्हणून लगेच नियम मोडत नाही. साधारणपणे १७ आठवड्यांच्या संदर्भ कालावधीत हिशोब कुठे बसतो ते पाहायचे असते.

आपल्याकडे वाढलेल्या माणसाला ही पद्धत पटकन अंगवळणी पडत नाही. १९४८च्या कारखाने कायद्यापासून आपली सवय अशी, की ४८ तासांची मर्यादा त्या त्या आठवड्याला. मागचा आठवडा हलका गेला म्हणून या आठवड्यात जास्त काम बिनओव्हरटाइमचे होत नाही. सरासरीची पद्धत आपल्या कायद्यात अगदीच नाही असे मात्र नाही: रेल्वे कायदा, १९८९ मध्ये ‘सतत’ वर्गातल्या कर्मचाऱ्यांसाठी ५४ तासांची मर्यादा १४ दिवसांच्या सरासरीवर मोजतात. डेस्कवरच्या कोणाचा त्या हिशोबाशी संबंध आलेला नव्हता. म्हणून ज्याने पहिला तक्ता बनवला त्याने सरासरीचा शाळेतला अर्थ घेतला: १७ आठवड्यांचे तास मिळवा, १७ने भागा.

हा तक्ता दोन वर्षे बिनतक्रार चालला.

अडचण कुठून दिसली

ज्या कामगारामुळे चूक उघडी पडली तो डेपोत जुना. सोमवार ते शुक्रवार, रोज ९ तास. जेवणाची अर्ध्या तासाची बिनपगारी सुट्टी वगळून. म्हणजे आठवड्याला ४५. शनिवारी गरज पडली तर ७ तासांची ओव्हरटाइम शिफ्ट. सतराव्या आठवड्याच्या अखेरीस त्याचा हिशोब असा होता:

| आठवडे | काय झाले | दर आठवड्याचे तास |
|---|---|---|
| १ ते ४ | शनिवारसह | ५२ |
| ५ | साधा आठवडा | ४५ |
| ६, ७ | वार्षिक रजा, १० दिवस | ० |
| ८ ते ११ | शनिवारसह | ५२ |
| १२ | ३ दिवस आजारी, २ दिवस काम | १८ |
| १३ | साधा आठवडा | ४५ |
| १४ ते १६ | शनिवारसह | ५२ |
| १७ | साधा आठवडा | ४५ |

बेरीज ७२५ तास. भागिले १७, सरासरी ४२.६. अहवालात रकाना हिरवा.

डेस्कवर तपासणीला नव्याने आलेल्या मुलीने हिरव्या रकान्यावर बोट ठेवले. टीम लीडरला ती म्हणाली, “मॅडम, हा माणूस साधा आठवडा भरतो तरी ४५ होतात. त्यावर अकरा शनिवार केलेत. मग सरासरी ४५च्या खाली कशी येईल?”

प्रश्न इतका सरळ होता की उत्तर तक्त्यातच सापडले. सहावा आणि सातवा आठवडा शून्य, बाराव्यात तीन दिवस शून्य, आणि भागाकार मात्र पूर्ण १७ने. रजा घेतल्याने सरासरी खाली येत होती आणि तेवढी जागा ओव्हरटाइमला मोकळी दिसत होती. कामगाराने विश्रांतीसाठी घेतलेली रजा त्याच्याच जादा कामाचे समर्थन करत होती. नियम नेमके हेच होऊ देत नाहीत.

नियम काय सांगतो

रेग्युलेशन ४ मधले सूत्र असे आहे:

```
सरासरी = (A + B) / C
```

A म्हणजे संदर्भ कालावधीत प्रत्यक्ष केलेले तास. C म्हणजे कालावधीतले आठवडे, इथे १७. गोंधळ होतो तो B मध्ये. कालावधीतले काही दिवस ‘वगळलेले’ मानले जातात: रेग्युलेशन १३ खालची वार्षिक रजा, आजारपण, बाळंतपण, पितृत्व, दत्तक व पालकत्वाची रजा, आणि ४८ तासांची मर्यादा लेखी संमतीने लागू नसलेले दिवस. असे जितके दिवस असतील तितकेच काम केलेले दिवस कालावधी संपल्यावर लगेच पुढून उचलायचे आणि त्यांचे तास B म्हणून मिळवायचे.

‘काम केलेले दिवस’ हे शब्द नीट लक्षात ठेवायला हवेत. कॅलेंडरचे दिवस नाहीत, रोस्टरवर लिहिलेले दिवसही नाहीत. माणूस ज्या दिवशी प्रत्यक्ष कामावर होता तोच दिवस मोजायचा. शनिवारी ७ तास केले तर तोही एक दिवस. पुढे पुन्हा रजा आली तर ती ओलांडून पुढच्या कामाच्या दिवशी जायचे.

या कामगाराचे वगळलेले दिवस १३: दहा रजेचे, तीन आजारपणाचे. म्हणजे अठराव्या आठवड्यापासूनचे त्याचे पहिले १३ कामाचे दिवस B मध्ये येणार. डेपोच्या रोस्टरवर अठराव्या आणि एकोणिसाव्या आठवड्यात शनिवारही टाकलेले होते. ते धरले तर पहिले सहा दिवस ५२ तास, पुढचे सहा ५२, आणि विसाव्या आठवड्याचा सोमवार ९. एकूण ११३. A अधिक B झाले ८३८, भागिले १७: ४९.३.

एकाच माणसाचे तेच १७ आठवडे. चुकीच्या हिशोबात ४२.६, बरोबर हिशोबात ४९.३.

मर्यादेचे मोजमाप एका आकड्यात सांगायचे तर ४८ गुणिले १७, म्हणजे ८१६ तास. ७२५ वजा केले की B साठी उरतात ९१. तेरा दिवसांत ९१, म्हणजे दिवसाला ७ तास.

निर्णयाआधी तपासलेल्या तीन गोष्टी

पहिली, कालावधी सरकता की ठरावीक. काही वेगळे ठरले नसेल तर नियमांप्रमाणे कोणतेही १७ आठवडे धरून तपासता येते, म्हणजे खिडकी दर आठवड्याला पुढे सरकते. लेखी करारात सोय असेल तर एकापाठोपाठ एक ठरावीक १७ आठवडे घेता येतात. डेस्कवर कोणालाच नक्की माहीत नव्हते. करारपत्र मागवले, त्यात ठरावीक कालावधीचे कलम स्पष्ट होते. म्हणून कायद्याच्या दृष्टीने १ ते १७ हाच कालावधी, आणि पुढचा १८ ते ३४.

हे कलम नसते तर प्रकरण तेव्हाच हाताबाहेर गेलेले असते. अकराव्या आठवड्याला संपणारी १७ आठवड्यांची खिडकी नंतर मोजून पाहिली. पहिल्या आठवड्याच्या आधीचे सहा आठवडे साधे ४५चे होते. A आले ७३१, वगळलेले दिवस १०, त्यांच्या बदल्यातले तास ९०, सरासरी ४८.३. सरकता कालावधी लागू असता तर सतराव्या आठवड्यानंतर काहीही केले तरी ती खिडकी दुरुस्त झाली नसती.

दुसरी गोष्ट रजेच्या प्रकाराची. ब्रिटनमध्ये कामगाराला वर्षाला ५.६ आठवडे रजा मिळते, पण ती दोन कलमांतून येते: चार आठवडे रेग्युलेशन १३ मधून, १.६ आठवडे १३ए मधून. वगळलेल्या दिवसांच्या व्याख्येत फक्त पहिल्या कलमाचा उल्लेख आहे. डेपो मॅनेजरने हे हेरले आणि सुचवले, की ते दहा दिवस जादा रजेत दाखवावेत. तसे केले तर वगळलेले दिवस तीनच राहतात, B होतो २७, आणि सरासरी ४४.२. कागदावर प्रश्न मिटतो.

टीम लीडरने रजेचे रजिस्टर उघडले. रजेचे वर्ष सुरू झाल्यापासून त्या कामगाराने हे दहाच दिवस घेतले होते. वर्षातली पहिली रजा चार आठवड्यांच्या खात्यातून जाते, असा डेपोचा स्वतःचाच लेखी नियम होता. तो एका माणसापुरता, गरज पडल्यावर आणि मागच्या तारखेने बदलणे म्हणजे नोंद खोटी करणे. दहा दिवस जिथे होते तिथेच राहिले.

तिसरी गोष्ट, दुसरी नोकरी. सरासरीत माणसाचे एकूण काम धरावे लागते, म्हणून मालकाने विचारणे अपेक्षित असते. कामगाराला विचारले, दुसरे काम नव्हते. हा भाग लवकर आटोपला.

कोणते पर्याय होते

डेपोकडून पहिली सूचना आली ती संमतीपत्राची. ४८ तासांची मर्यादा आपल्याला लागू नको, असे कामगार स्वतःहून लिहून देऊ शकतो. मॅनेजरला असे पत्र हवे होते, आणि त्यावर पहिल्या आठवड्याची तारीख हवी होती. ऐरोलीच्या डेस्कने याला स्पष्ट नकार दिला. नियमाची भाषा आहे की मालकाने कामगाराची लेखी संमती आधी घेतलेली असली पाहिजे. आजची सही आजपासून पुढे चालते. शिवाय ती कामगाराच्या मर्जीची गोष्ट आहे: नकार दिला म्हणून त्याचे नुकसान करता येत नाही, आणि दिलेली संमती तो नोटीस देऊन मागेही घेऊ शकतो. ही नोटीस साधारण ७ दिवसांची असते, करारात जास्त ठरली असेल तर फार तर तीन महिन्यांची. कामगाराला विचारल्यावर त्याने सही करायची नाही असे सांगितले. पर्याय तिथेच संपला.

दुसरी सूचना दिसायला चांगली होती: अठराव्या आठवड्यात त्याला उरलेल्या रजेतले चार दिवस द्या, तास आपोआप कमी होतील. बहुतेक जण इथे फसतात. B मध्ये कामाचे १३ दिवस मोजायचे आहेत. चार दिवस घरी बसला तर मोजणी चार दिवस पुढे ढकलली जाते, १३ दिवस १३च राहतात. शनिवार रद्द केल्यानेही या कालावधीचा हिशोब सुधारत नाही, उलट किंचित बिघडतो: ७ तासांच्या शनिवारच्या जागी ९ तासांचा साधा दिवस मोजणीत येतो, B ११३ वरून ११७ होतो आणि सरासरी ४९.५.

सुट्टी देऊन B कमी होत नाही. तो कमी होतो फक्त दिवसाची लांबी कमी केल्याने. डेस्कवर हे कळायला एक संपूर्ण दुपार गेली, कारण ‘तास जास्त झालेत, मग सुट्टी द्या’ हेच सगळ्यांना सुचत होते.

तिसरा पर्याय उरला: पुढच्या तेरा कामाच्या दिवशी शिफ्ट ७ तासांच्या आत. डेपोला ते महाग होते, कारण करार ४५ तासांचा आणि पगार कापला तर नवा वाद. पण कायद्यात बसणारा मार्ग हा एकच होता.

काय केले

बरोबर ७ तासांची शिफ्ट लावली तर बेरीज ८१६ आणि सरासरी नेमकी ४८.०. नियमाला ती चालते, कारण ४८ ओलांडायला मनाई आहे, गाठायला नाही. पण शीतगृहात एखादा ट्रक उशिरा आला तर पंधरा-वीस मिनिटे सहज जातात आणि तेवढ्याने सगळे बिघडले असते. म्हणून शिफ्ट पावणेसात तासांची ठरली. तेरा दिवसांचे ८७.७५ तास, म्हणजे सव्वातीन तासांची सवड. दोन्ही शनिवार रोस्टरवरून काढले. पगार ९ तासांचाच द्यायचा, असे डेपोने मान्य केले. कामगाराची चूक नव्हती.

तरीही चौथ्या दिवशी घोळ झालाच. तक्त्यात त्या चारही दिवशी ९ तास दिसू लागले. कामगार वेळेवर बाहेर पडत होता, पंचिंगच्या नोंदी बरोबर होत्या. पण अहवाल तास उचलत होता पगाराच्या फाइलमधून, आणि तिथे त्याला ९ तासांचा पगार होता. पगाराचे तास आणि कामाचे तास एकच, असे तक्ता बनवणाऱ्याने गृहीत धरले होते. एरवी ते जुळत असल्याने फरक कधी दिसलाच नव्हता. त्या दिवसापासून सरासरीचा रकाना पंचिंगच्या नोंदीवर बांधला आणि ‘पगार आहे, काम नाही’ यासाठी वेगळा कोड ठेवला.

तक्ताही नव्याने लिहिला. दिवसागणिक एक ओळ: A रकान्यात तारीख, C मध्ये प्रत्यक्ष तास, D मध्ये वगळलेल्या दिवसाला X. H1 आणि H2 मध्ये कालावधीची सुरुवात व शेवट.

```
H3  =SUMIFS(C2:C400,A2:A400,">="&H1,A2:A400,"<="&H2)
H4  =COUNTIFS(A2:A400,">="&H1,A2:A400,"<="&H2,D2:D400,"X")
H5  =IF(H4=0,0,SUM(TAKE(FILTER(C2:C400,(A2:A400>H2)*(C2:C400>0)),H4)))
H6  =(H3+H5)/17
```

ओळी तारखेच्या क्रमाने असल्या पाहिजेत, आणि X फक्त त्याच दिवशी टाकायचा ज्या दिवशी तो माणूस एरवी कामावर असता. रजेच्या आठवड्यातल्या शनिवार-रविवारवर X पडला तर वगळलेले दिवस दहाऐवजी चौदा होतात आणि B उगाच फुगतो.

याहून मोठा धोका H5 मध्ये आहे. TAKE ला तेरा ओळी मागितल्या आणि पुढचे पाचच दिवस भरलेले असले तर ते तक्रार न करता पाच ओळी देते. B अपुरा राहतो, सरासरी कमी दिसते, रकाना पुन्हा हिरवा. पुढचा एकही दिवस भरलेला नसेल तर निदान #CALC! तरी दिसते, अर्धवट भरलेला असताना काहीच दिसत नाही. म्हणून बाजूला आणखी एक मोजणी ठेवली:

```
H7  =COUNTIFS(A2:A400,">"&H2,C2:C400,">0")
```

H7 हा H4 पेक्षा लहान असेल तोवर सरासरीपुढे ‘तात्पुरती’ असे लिहायचे आणि अहवालात हिरवा रंग द्यायचा नाही.

निष्पत्ती

तेरा दिवस विसाव्या आठवड्याच्या बुधवारी पूर्ण झाले. दोन दिवशी कामगाराला चाळीस-चाळीस मिनिटे जास्त थांबावे लागले. B आला ८९.१, बेरीज ८१४.१, सरासरी ४७.९. जवळपास दोन तासांची सवड उरली. सात तासांची शिफ्ट ठेवली असती तर याच ऐंशी मिनिटांनी मर्यादा ओलांडली असती.

कालावधी संपला सतराव्या आठवड्यात आणि निकाल कळला विसाव्यात. हे या सूत्राच्या रचनेतच आहे. जितकी रजा जास्त तितका निकाल उशिरा. डेपोला हे पटवणे जड गेले, कारण त्यांना सोमवारी सकाळी अंतिम आकडा हवा असे. पंचिंगच्या नोंदी, रजेचे रजिस्टर आणि B चे तेरा दिवस वेगळे दाखवणारे पान असे सगळे एकत्र करून ठेवले. मर्यादा पाळल्याचे दाखवणाऱ्या नोंदी दोन वर्षे जपाव्या लागतात. B चे दिवस कालावधीच्या बाहेरचे असल्याने तेच फाइलमधून गळण्याची शक्यता जास्त.

बाकीच्या कामगारांचे हिशोबही नव्या तक्त्यातून काढले. ज्यांनी रजा घेतली नव्हती त्यांच्या आकड्यांत काहीच फरक पडला नाही. दोन वर्षे चूक न दिसण्याचे कारण हेच: रजा आणि भरपूर ओव्हरटाइम एकाच माणसाच्या एकाच कालावधीत आल्याशिवाय ती वर येत नाही. तसे आणखी दोघे निघाले, पण त्यांचे शनिवार कमी होते आणि दोघेही ४८च्या आत राहिले.

आज वेगळे काय करता येईल

अकराव्या आठवड्याला हे थांबवता आले असते. त्यासाठी B चे खरे तास हातात असण्याची गरजही नव्हती. वगळलेला प्रत्येक दिवस साध्या शिफ्टचे ९ तास धरून अंदाज काढला असता तर सरासरी ४८.३ त्याच सोमवारी दिसली असती, आणि चौदा ते सोळा या आठवड्यांतले तीन शनिवार टाळता आले असते. ते २१ तास टळले असते तर पुढच्या तेरा दिवसांच्या पूर्ण ९ तासांच्या शिफ्टही ८२१ वर नेऊन सोडतात, म्हणजे तरीही पाच तास जास्त. अकराव्यातला शनिवारही सोडावा लागला असता. इतक्या लवकर कळूनही सवड किती कमी होती ते यातून दिसते.

कारण मुळात गणित तंग आहे. ४५ तासांच्या करारावर १७ आठवड्यांचे ७६५ तास नुसत्या साध्या कामात जातात. उरतात ५१. सात तासांचे सात शनिवार म्हणजे ४९, आठव्याला जागा नाही. रजा घेतली तरी हा आकडा वाढत नाही, कारण रजेचे दिवस पुढच्या दिवसांनी भरून निघतात. रोस्टर लावणाऱ्याने दर माणसामागे एवढा एकच आकडा भिंतीवर लावला असता तरी अकरा शनिवार झाले नसते. डेपोत १६-१७ वर्षांचे कोणी नाहीत हे बरे. त्यांना ४० तासांची मर्यादा त्या त्या आठवड्याला लागते आणि सरासरीची सोयच नाही.

करारातल्या ठरावीक कालावधीबद्दल डेस्कवर अजून दोन मते आहेत. टीम लीडरचे म्हणणे, कायदा जे मोजतो तेच मोजा, नाहीतर रोस्टर लावणाऱ्याला दोन आकडे देऊन गोंधळात टाकाल. तपासणाऱ्या मुलीचे म्हणणे वेगळे. ठरावीक कालावधीत शेवटचे आठवडे आणि पुढच्या कालावधीचे पहिले आठवडे दोन्ही जड गेले तर दोन्ही सरासऱ्या स्वच्छ दिसतात, पण माणूस मध्ये सलग तीन-चार महिने पिचतो. तिचे म्हणणे जास्त पटते. सरकती खिडकी कायद्याने लागू नसली तरी इशारा म्हणून चालवायला तक्त्यात H1 आणि H2 दर सोमवारी सात दिवस पुढे सरकवायचे आणि B चे जे दिवस अजून भरलेले नाहीत त्यांना साध्या शिफ्टचे ९ तास धरायचे, यापलीकडे काही लागत नाही. शेवटी तसेच ठरले: अहवालात ठरावीक कालावधीची सरासरी, आणि त्याखाली सरकत्या खिडकीची, ४७ला पिवळी होणारी.

विसाव्या आठवड्याच्या शुक्रवारी डेपोकडून विचारणा आली, की आता नवा कालावधी सुरू आहे, तास कमी भरलेत, तर याच कामगाराला २१ ते २४ चारही शनिवार लावू का. नव्या कालावधीच्या हिशोबात अकरा शनिवारांची जागा दिसत होती. सरकत्या खिडकीत एकविसाव्याचा शनिवार धरून सरासरी ४६.७ येत होती. बाविसाव्याचाही धरला की ती ४७.१ होऊन पिवळी पडत होती. आठव्या आठवड्याचे ५२ तास खिडकीतून बाहेर पडल्यावरच पुन्हा जागा होते, म्हणजे पंचविसाव्यात. ऐरोलीहून उत्तर गेले: एकविसाव्याचा शनिवार कामगार तयार असेल तर लावा, पुढचा पंचविसाव्यात.